परिचयपत्रातला देव

पावसाळ्याच्या तोंडावरची एक संध्याकाळ. दवाखान्यातली गर्दी ओसरली होती आणि मी आवराआवर करीत होतो. इतक्यात आमचे अण्णा आत आले. नेहमीप्रमाणे साखरेचा रिपोर्ट आणला असेल म्हणून मी हात पुढे केला, तर त्यांनी हाती ठेवला तो घडी घातलेला एक छापील अर्ज. म्हणाले, "डॉक्टर, हा बायोडाटा जरा वाचता का? औषध नको, फक्त निदान सांगा."

अण्णा ६८ वर्षांचे. वालचंदनगरच्या कारखान्यात टर्नर म्हणून हयात घालवलेले गृहस्थ. पत्नीला जाऊन सहा वर्षे झाली. मुलगा, सून, नातवंडे सारे प्रेमाचे आहेत. तरीही दोन वर्षांपूर्वी ते एकदा मला म्हणाले होते, "जेवण वेळेवर मिळतं, सून गुणाची आहे. पण दिवेलागणीनंतर बोलायला आपलं माणूस नाही." पुढे मुलीनेच पुढाकार घेऊन पुण्यातल्या ज्येष्ठांच्या एका परिचय मेळाव्यासाठी त्यांचे नाव नोंदवले. अशी नावनोंदणी आता आपल्याकडे नवलाची राहिलेली नाही. पुण्यात माधव दामले यांनी २०१२ साली ज्येष्ठांच्या सहजीवनासाठी मंडळ सुरू केले, तेव्हापासून या विषयावर उघडपणे बोलले जाऊ लागले आहे. (अण्णांच्या परवानगीने हे लिहितो आहे. त्यांची वा इतर कोणाची ओळख पटू नये म्हणून तपशिलांत थोडा बदल केला आहे.)

अर्जात 'स्वतःविषयी' या रकान्यात पुढील मजकूर होता : "वारकरी संप्रदायातील, अत्यंत धार्मिक व सात्त्विक वृत्ती, माळकरी, शुद्ध शाकाहारी, निर्व्यसनी. नामस्मरणावाचून जीवनात शांती नाही यावर दृढ श्रद्धा. सुसंस्कारित व देवाधर्माची आवड असलेली जोडीदार अपेक्षित."

वाचताना यातले एक अक्षरही खोटे नाही हे मला ठाऊक होते. पण चार महिन्यांत त्यांना जेमतेम तीन फोन आले होते. सोलापूरकडच्या एका निवृत्त शिक्षिकेने म्हटले, "माझे गुडघे गेलेत. वारीला चालणं मला जमायचं नाही," आणि क्षमा मागून फोन ठेवला. दुसऱ्या बाईंनी विचारले, "तुमच्याकडे सोवळं-ओवळं फार असेल, नाही का? या वयात मला ते झेपणार नाही." तिसऱ्या बाई मात्र फार उत्साहात होत्या. त्यांची रोज तीन तासांची पूजा असे आणि त्यात यजमानांनी शेजारी बसलेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

अण्णा हताश होऊन म्हणाले, "वारीला चला असं मी कुठे म्हटलंय? सोवळं तर आमच्या घरात कधी नव्हतंच. आणि तीन तास पूजेला बसलो तर पाठ राहील का माझी?"

लक्षण नव्हे, नुसते नाव

वाचकहो, दवाखान्यात येणारा रुग्ण "डॉक्टर, मला अशक्तपणा आहे" एवढेच म्हणाला, तर त्यावरून कोणालाही औषध देता येत नाही. कधीपासून, दिवसाच्या कोणत्या वेळी, जिना चढताना की बसल्या जागी, हे विचारावे लागते. 'धार्मिक' हा शब्द परिचयपत्रात तसाच असतो. तो ऐकणारा प्रत्येक माणूस त्यात आपल्या घरचा अनुभव भरतो. जिच्या सासरी कडक सोवळे होते तिला त्यात ओलेत्याने स्वयंपाक करणे दिसते. जिच्या भावाने एखाद्या बाबांच्या नादी लागून घरदार घालवले तिला त्यात धोका दिसतो. जिच्या वडिलांचे कीर्तन ऐकायला गाव जमत असे तिला आनंद होतो. अण्णांनी लिहिले एक आणि तिघींनी वाचली तीन वेगवेगळी घरे. त्या तिघींपैकी एकीलाही अण्णांचे घर दिसले नाही.

'सात्त्विक' आणि 'सुसंस्कारित' या शब्दांची अडचण आणखी वेगळी आहे. ते माहिती देत नाहीत, गुण देतात. आणि स्वतःला गुण दिले की वाचणाऱ्याला नकळत कमी गुण मिळतात. 'शुद्ध शाकाहारी' यातला 'शुद्ध' हा शब्दही असाच. लिहिणाऱ्याच्या मनात त्यात काही नसते, दुकानाच्या पाटीवरून तो जिभेवर बसलेला असतो. पण जिच्या घरी चार पिढ्या मासळी शिजत आली, तिला तो शब्द 'तुम्ही अशुद्ध' असा ऐकू येतो. नुसते 'शाकाहारी' लिहिल्याने माहिती तसूभरही कमी होत नाही.

'माळकरी' हा शब्द मात्र खरा आणि नेमका आहे. गळ्यात तुळशीची माळ घातलेला माणूस मांस आणि मद्य घेत नाही, एकादशी पाळतो, जमेल तशी वारी करतो, हे इंदापूर-बारामती भागात कोणालाही सांगावे लागत नाही. पण हा अर्ज वाचणारी व्यक्ती नागपूरची असेल, मुंबईची असेल, दुसऱ्या धर्माची असेल. तिच्यासाठी तो शब्द उलगडूनच सांगावा लागतो.

अण्णांची 'हिस्टरी'

मी अर्ज बाजूला ठेवला आणि रुग्णाला विचारावे तसे प्रश्न विचारले. पाचच प्रश्न होते. रोज काय करता आणि किती वाजता? ते मोठ्याने करता की मनात? वर्षातले कोणते दिवस त्यासाठी राखून ठेवलेले असतात? स्वयंपाकघरात त्यामुळे काय बदलते? आणि यातले जोडीदाराच्या वाट्याला नेमके काय येईल?

पहिल्या तिन्हींची उत्तरे अण्णांनी चटकन दिली. कारखान्याच्या पहिल्या पाळीची सवय अंगात मुरलेली असल्याने पहाटे साडेचारला उठतात. स्नान करून अर्धा तास ज्ञानेश्वरी वाचतात, तीही मनातल्या मनात, कारण शेजारच्या खोलीत नातू झोपलेला असतो. संध्याकाळी अर्धा तास हरिपाठ म्हणतात, तो मात्र मोठ्याने. महिन्यातून दोन एकादश्या करतात. आषाढात सणसरहून निघालेल्या तुकोबांच्या पालखीचे रिंगण बेलवाडीला होते. अण्णा ते रिंगण पाहून तिथूनच दिंडीत सामील होतात आणि निमगाव केतकी, इंदापूर, सराटी, अकलूज या वाटेने पंढरपूरला पोहोचतात. वर्षातले आठ-नऊ दिवस ते घरी नसतात.

चौथ्या प्रश्नापाशी ते थबकले. मी विचारले, "तिला मांसाहार चालत असेल तर?"

"बाहेर तिनं काय खावं हा तिचा प्रश्न. सुनेच्या माहेरी शिजतं की. मी तिथं भाकरी-पिठलं खातो आणि गप्पा मारतो."

"आणि घरात?"

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "घरात नको. खरं सांगतो, नाही चालणार."

"डॉक्टरांनी तिला अंडं खायला सांगितलं असेल तर?"

"मग वेगळं भांडं ठेवू. त्याला माझी ना नाही."

पाहिलेत ना? या माणसाची खरी मर्यादा एकच होती आणि ती अर्जात कुठेच लिहिलेली नव्हती. ज्या मर्यादा त्यांना नव्हत्याच, त्या मात्र 'अत्यंत धार्मिक' या दोन शब्दांतून वाचणाऱ्याच्या मनात उभ्या राहत होत्या.

पाचव्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी घरी जाऊन, मुलीशी बोलून आणले. मग आम्ही मिळून नवा मजकूर तयार केला, तो असा :

"मी वारकरी आहे, गळ्यात तुळशीची माळ आहे. पहाटे साडेचारला उठतो, अर्धा तास मनात वाचन करतो. संध्याकाळी अर्धा तास हरिपाठ म्हणतो. महिन्यातून दोन एकादश्या करतो. आषाढात बेलवाडी ते पंढरपूर आठ-नऊ दिवस चालत जातो. मांस व मद्य घेत नाही. घरात मांसाहार शिजू नये, अंडे वेगळ्या भांड्यात चालेल, बाहेर काय खावे हे जोडीदाराने ठरवावे. तिने माळ घालावी, उपवास करावा किंवा वारीला यावे अशी अपेक्षा नाही. तिची उपासना वेगळी असली किंवा नसली तरी चालेल. मात्र माझ्या वारीची थट्टा होऊ नये, एवढी इच्छा आहे."

शेवटचे वाक्य अण्णांचे स्वतःचे. मी ते तसेच ठेवले. 'देवाधर्माची आवड असलेली' या शब्दांमागे त्यांना जे म्हणायचे होते ते बहुधा एवढेच होते.

कर्ता कोण आहे, ते पाहा

जुन्या मजकुरातले एक वाक्य आम्ही पूर्णपणे काढून टाकले : "नामस्मरणावाचून जीवनात शांती नाही." अण्णांना ते काढणे जड गेले. त्यांनी विचारले, "मी खोटं बोललो का?" खोटे नव्हते. पण ते वाक्य अण्णांविषयी नव्हतेच. ते साऱ्या जगाविषयी होते आणि वाचणारी बाई त्या जगातच राहते. जी नामस्मरण करीत नाही, तिच्या जीवनात शांती नाही असे एका अनोळखी गृहस्थाने तिला पहिल्याच भेटीत ऐकवल्यासारखे झाले.

मजकूर उपदेशाच्या अंगाने जातो आहे की नाही, हे ओळखायची एक साधी खूण आहे. प्रत्येक वाक्याचा कर्ता शोधावा. कर्ता 'मी' असेल तर ती माहिती असते. 'माणसाने', 'आपण', 'प्रत्येकाने' असा कर्ता असेल, किंवा कर्ताच नसून नुसते एखादे सत्य सांगितलेले असेल, तर ते प्रवचन होते. "प्रार्थनेने मन स्थिर होते" हे प्रवचन. "पत्नी गेल्यानंतरच्या वर्षात संध्याकाळच्या हरिपाठाने मला सावरले" ही माहिती, आणि वाचणाऱ्याला अण्णांच्या अधिक जवळ नेणारी. पहिल्या वाक्याशी वाद घालता येतो. दुसऱ्याशी कोणी वाद घालत नाही.

ही खूण श्रद्धा नसलेल्यांनाही तितकीच लागू आहे. माझ्या परिचयाच्या एका निवृत्त प्राध्यापिकेने लिहिले होते, "कर्मकांडाचा तिटकारा. विवेकवादी व्यक्तीनेच संपर्क साधावा." त्या स्वभावाने अत्यंत मोकळ्या आहेत, शेजाऱ्यांच्या सत्यनारायणाला आवर्जून जातात, प्रसाद घेतात. पण हा मजकूर वाचून रोज देवापुढे निरांजन लावणारा एखादा सज्जन माणूस त्यांच्या वाटेला कशाला जाईल? त्यांना मी सुचवले ते असे : "मी पूजा वा उपवास करीत नाही. घरात दुसऱ्याने केले तर अडचण नाही. माझ्याकडून विधीला बसण्याची अपेक्षा नसावी." अर्थ तोच राहिला, तिटकारा तेवढा गळाला.

लपवू मात्र नये

आता दुसरी बाजू. 'स्थळे कमी होतील' या भीतीने काहीजण श्रद्धेविषयी काहीच लिहीत नाहीत, किंवा 'सर्वधर्मसमभाव' एवढे लिहून मोकळे होतात. तरुणपणी हे कदाचित खपून जात असेल. साठीनंतर खपत नाही, कारण या वयात उपासना ही केवळ मनातली गोष्ट नसते. ती जेवणाच्या आणि औषधाच्या वेळांत गुंतलेली असते.

माझ्याकडे येणाऱ्या एका जैन भगिनींचे उदाहरण देतो. त्या चौविहार पाळतात, म्हणजे सूर्यास्तानंतर अन्न नाही आणि पाणीही नाही. परिचयपत्रात त्यांच्या मुलाने हे लिहिले नाही. 'भेटल्यावर सांगू' असे तो म्हणाला. भेटी झाल्या, बोलणी पुढे गेली, आणि तिसऱ्या भेटीत समोरच्या गृहस्थांनी प्रेमाने रात्री आठ वाजता जेवायला बोलावले. त्यांना रात्रीच्या जेवणाआधी इन्सुलिन घ्यावे लागते, म्हणून त्यांची जेवणाची वेळ ठरलेली. दोघांपैकी कोणीही चुकीचे नव्हते. पण 'आधी का सांगितले नाही' हा सल मात्र राहिला आणि बोलणी थांबली. "मी सूर्यास्तापूर्वी जेवते, जोडीदाराने नंतर जेवले तरी चालेल, वाढायला मी असेन" एवढे एक वाक्य आधी असते, तर त्या गृहस्थांनी त्यांना दुपारच्या जेवणाला बोलावले असते.

याच कारणासाठी माझ्यातला डॉक्टर तीन गोष्टी आवर्जून लिहायला सांगतो. पहिली, उपवासाची. मधुमेहावरच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्याने जेवण चुकवले तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. घाम फुटणे, हातपाय थरथरणे, बोलण्यात गोंधळ होणे ही तिची लक्षणे. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायला द्यावी लागते. त्याउलट साबुदाण्याची खिचडी, वरी, बटाटा यांनी साखर वाढते. जोडीदार घरात असतो तो अशा वेळी, म्हणून आपण किती आणि कसे उपवास करतो हे त्याला ठाऊक हवे. गोळीचा डोस मात्र कोणीही आपल्या मनाने बदलू नये. एकादशीच्या आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

दुसरी, धुराची. रोज धूप, उदबत्ती, कापूर लावणाऱ्या घरात दम्याचा किंवा जुन्या खोकल्याचा माणूस आला, तर त्याला त्रास होतो. "रोज उदबत्ती लावतो, गरज पडल्यास बंद करीन" किंवा "मला दमा आहे, धूर सोसत नाही" हे वाक्य त्यांत श्रद्धेचा काही प्रश्न न आणता लिहिता येते.

तिसरी, झोपेची. साडेचारला घंटा वाजणार असेल आणि शेजारच्या माणसाला निद्रानाश असेल, तर सहा महिन्यांत रक्तदाब माझ्या टेबलावर येतो. म्हणूनच अण्णांच्या मजकुरात 'मनात' हा शब्द आम्ही मुद्दाम ठेवला.

आईचे परिचयपत्र मुले लिहितात तेव्हा

सांभाळ करणाऱ्या मुलामुलींशी थोडे बोलायचे आहे. ज्येष्ठांची परिचयपत्रे बहुधा तुम्हीच भरता. वडिलांचे पत्र भरताना तुम्ही त्यांची पेन्शन आणि तब्येत लिहिता. आईचे पत्र भरताना मात्र हमखास पहिला शब्द येतो 'धार्मिक', त्यामागोमाग 'सोज्वळ'. त्यामागची तगमग मला समजते. विधवा आई पुन्हा जोडीदार शोधते आहे, लोक काय म्हणतील? तेव्हा 'धार्मिक' हा शब्द तिच्या चारित्र्याचा दाखला म्हणून लिहिला जातो. तिच्या उपासनेशी त्याचा काही संबंध नसतो.

पण समोरचा गृहस्थ तो शब्द दाखला म्हणून वाचत नाही. तो वाचतो : पहाटे उठून देवपूजा करील, माझ्या सणावारांचा स्वयंपाक करील, उपासाचे वेगळे शिजवील. आणि ज्या आईने चाळीस वर्षे हे सारे केले, तिला कदाचित आता तेच नको असते. एका माउलीने लेक बाहेर गेल्यावर मला हळूच सांगितले होते, "देवाला हात जोडते मी, पण कुळाचार आता मला कोणाच्याही घरचे करायचे नाहीत." तिच्या पत्रात लेकीने लिहिले होते, 'सर्व कुळाचार निगुतीने करणारी'.

म्हणून एक दिवस आईजवळ बसा. वही घ्या. पहाटेपासून रात्रीपर्यंत ती काय करते ते लिहा आणि प्रत्येक ओळीपुढे तिला विचारा : हे तुला पुढेही करायचे आहे का? एकटीने की कोणासोबत? ज्या ओळीला ती 'नको' म्हणेल, ती ओळ परिचयपत्रात 'करणार नाही' म्हणून लिहिण्याचा तिला हक्क आहे. मजकूर झाला की तो तिला मोठ्याने वाचून दाखवा. शक्य असेल तर वेगळ्या पंथाच्या वा धर्माच्या एखाद्या ओळखीच्या माणसालाही दाखवा आणि एकच विचारा, "हे वाचून तुम्हाला या घरात यावेसे वाटेल का?" अण्णांचा नवा मजकूर आम्ही त्यांच्या जुन्या खात्यातल्या एका मुसलमान सहकाऱ्याला दाखवला होता. ते हसून म्हणाले, "पहिला वाचला तर तू कीर्तनकार वाटतोस. दुसऱ्यात माझा अण्णा आहे."

आणि नंतर

नव्या मजकुराला फोनांचा पाऊस पडला नाही. दोन महिन्यांत चार फोन आले. पण चारही जणींनी कामाचे प्रश्न विचारले. एकीला घरात मासळी शिजवता येणार नाही हे मान्य नव्हते. तिने तसे सांगून शुभेच्छा दिल्या. यालाही मी मजकुराचे यशच मानतो. जे जमणार नव्हते ते पहिल्याच फोनवर कळले.

चौघींपैकी एक निवृत्त परिचारिका आहेत, बौद्ध कुटुंबातल्या. त्या पौर्णिमेला विहारात जातात, पंचशील पाळतात, म्हणून मद्याला शिवत नाहीत. उपवास करीत नाहीत आणि देवपूजाही करीत नाहीत. 'देवाधर्माची आवड असलेली' या जुन्या ओळीवर त्या थांबल्याच असत्या. नव्या मजकुरातल्या 'उपासना वेगळी असली तरी चालेल' या ओळीमुळे त्यांनी फोन उचलला.

दोन भेटी झाल्या. दुसऱ्या भेटीत त्यांनी शांतपणे विचारले, "तुम्ही वारीला गेल्यावर नऊ दिवस मी घरी एकटी राहीन, त्याचं मला काही नाही. पण तुमच्या भिंतीवर विठ्ठलाची तसबीर आहे. तिथे बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर लागेल का? आणि पाहुण्यांसमोरही तशीच राहील का?"

अण्णा म्हणतात, हा प्रश्न त्यांच्या मनात कधी आलाच नव्हता. 'चालेल' असे लिहिणे सोपे होते, आता ते भिंतीवर दिसायला हवे होते. त्यांनी चार दिवस मागून घेतले. मुलाशी बोलले, सुनेशी बोलले. मुलगा आधी गप्प राहिला, मग म्हणाला, "खिळा मी ठोकतो." हा निरोप त्या बाईंना कळवला आहे.

त्यांचे लग्न होईल की नाही, हे मला ठाऊक नाही. झालेच तर कायद्याची आडकाठी नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात बौद्ध, जैन आणि शीखही येतात. दोन व्यक्तींपैकी एक मुसलमान, ख्रिस्ती किंवा पारशी असेल, तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्यात धर्म बदलावा लागत नाही, तीस दिवसांची नोटीस मात्र द्यावी लागते. अण्णांच्या मुलीने ही माहिती आधीच काढून ठेवली आहे, पण दोघांनाही घाई नाही.

परवा अण्णा साखर तपासायला आले होते. रिपोर्ट बरा होता. जाताना दारात थांबून म्हणाले, "डॉक्टर, यंदा त्या बेलवाडीला रिंगण बघायला येणार आहेत. चालायला नाही हं, नुसतं बघायला." मी म्हटले, "छत्री आणि पाण्याची बाटली घेऊन जा. आणि त्यांना उन्हात फार वेळ उभं करू नका."